ए-दोनचं पोस्टर, ए-पाचचं पत्रक, ए-सहाचं हँडबिल: बडोद्याच्या दिवाळी पहाटेच्या कामाच्या नोंदी

६ सप्टेंबर

मंडळाच्या दिवाळी पहाटेचं पोस्टर काल पक्कं झालं. कार्यक्रम नरक चतुर्दशीला, २० ऑक्टोबरला पहाटे. आता त्याच पोस्टरवरून दोन लहान कामं काढायची आहेत. एक म्हणजे ए-पाच आकाराचं पत्रक, दुकानांच्या गल्ल्यावर ठेवायला. दुसरं ए-सहाचं हँडबिल, वर्तमानपत्रातून घरोघरी टाकायला. खजिनदार काकांचं म्हणणं असं, की "पोस्टर झालंय ना, मग लहान करायला काय लागतं? दाबलं बटण की झालं." मलाही तसंच वाटत होतं, म्हणूनच या नोंदी ठेवतेय.

पोस्टर ए-दोनचं, म्हणजे ४२० × ५९४ मिलिमीटर, कोरलड्रॉमध्ये केलेलं. गडद मरून पार्श्वभूमी, वरच्या भागात पणतीमागे १२० मिलिमीटरचं पिवळं वर्तुळ, चारही बाजूंनी बारीक रेषांची रांगोळी आणि तिच्याबाहेर दीड मिलिमीटर जाडीची चौकट. तारीख, वेळ आणि ठिकाण २८ पॉइंटमध्ये, देणगीदारांची नावं २० पॉइंटमध्ये. खाली उजवीकडे ६० मिलिमीटरचा क्यूआर कोड, प्रवेशिकेच्या फॉर्मचा.

सगळे आकार ए-मालिकेतलेच घेतले, कारण तिथे उंची भागिले रुंदी कायम १.४१४ येते. ए-दोन मधोमध दुमडला की ए-तीन, तो दुमडला की ए-चार, आणि आकृती तीच राहते. त्यामुळे दर पायरीला ७०.७१ टक्के धरायचे. ए-दोनवरून ए-पाचला तीन पायऱ्या, म्हणजे ३५.३५ टक्के. ए-सहाला चार, म्हणजे बरोबर २५ टक्के. एवढंच गणित आहे. ते एकदाही चुकलं नाही, बाकी बरंच चुकलं.

७ सप्टेंबर

सगळं निवडलं, गट केला, उंची-रुंदीचं प्रमाण बांधून ठेवणारी कुलपाची खूण लावून २५ टक्के टाकले. पडद्यावर छान दिसलं. घरच्या प्रिंटरवर काढलं तेव्हा रांगोळीच्या जागी पांढरे गोळे आले होते.

कारण लक्षात यायला अर्धा तास गेला. आकृत्या लहान झाल्या होत्या, पण रेषांची जाडी होती तेवढीच राहिली होती. पोस्टरवर दीड मिलिमीटरची चौकट शोभून दिसते. तीच जाडी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आली की शोकपत्राची काठ वाटते. रांगोळीच्या रेषा तर एकमेकींना चिकटल्या. उपाय साधा आहे. रेषेच्या खिडकीत `Scale with object` ला खूण लावायची, आणि ती लहान करायच्या आधी लावायची. मी नंतर लावली, म्हणून सगळं परत मागे नेऊन करावं लागलं.

खूण लावल्यावर उलटा प्रश्न उभा राहिला. वेळापत्रकातल्या ओळींमध्ये मी अर्ध्या पॉइंटच्या रेघा मारल्या होत्या. त्या २५ टक्क्यांना ०.१२५ पॉइंट झाल्या. पडद्यावर त्या दिसतात, कारण पडदा कुठलीही रेघ निदान एका ठिपक्याएवढी दाखवतो. छपाईत त्या तुटक येणार किंवा येणारच नाहीत. पाव पॉइंटच्या खाली जायचं नाही असं ठरवलं. म्हणजे पोस्टरवर कुठलीही रेघ एक पॉइंटपेक्षा बारीक नको. सगळ्या रेघा पोस्टरवरच जाड केल्या.

इथून पुढे हाच क्रम ठेवला. लहान कागदावर काही अडलं की दुरुस्ती मोठ्या फाइलमध्ये करायची आणि परत लहान करायचं. लहान फाइलमध्ये हात घातला की तीन फाइली तीन दिशांना जातात.

८ सप्टेंबर

आजचा खर्च दहा रुपये, आणि सगळ्या कामातला हा सर्वांत फायद्याचा.

पोस्टर ए-चारवर छापून घेतलं आणि युनिव्हर्सिटीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्या मशीनवर ७१ टक्क्यांचं बटण असतंच, ए-तीनवरून ए-चार करायला. त्याला म्हटलं, हे ७१ वर काढ, आणि जे येईल ते पुन्हा ७१ वर. पहिल्या वेळी ए-पाच मिळालं, दुसऱ्या वेळी ए-सहा. झेरॉक्स काळीपांढरी होती, पण आकार खरा. मग त्या दोन चिठ्ठ्या घरी सासूबाईंच्या हातात दिल्या, चष्म्यासकट.

ए-पाचवर तारीख-वेळ त्यांनी वाचली. ए-सहावर वेळ वाचताना "पाच की साडेपाच?" असं विचारलं. देणगीदारांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे काय मुंग्या सोडल्यात?"

हिशेब केला. २८ पॉइंटचं अक्षर ए-पाचवर साधारण १० पॉइंट होतं आणि ए-सहावर ७. नावांचे २० पॉइंट ए-पाचवर ७ आणि ए-सहावर फक्त ५. पाच पॉइंटात इंग्रजी अक्षर कसंबसं निभावतं, देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे एका अक्षराच्या उंचीत वरची वेलांटी, शिरोरेघ, मधलं अंग आणि खालचा उकार असे मजले असतात. पॉइंट तेवढेच, पण प्रत्येक मजल्याच्या वाट्याला कमी येतं. अनुस्वाराचा टिंब शिरोरेघेला चिकटला की तो दिसतच नाही. "श्री"च्या आतली पोकळी बुजते. झेरॉक्सवर "वृंदा"चं "वृदा" झालं होतं.

त्यात माझं अक्षर पांढरं आहे, मरूनवर. हे आणखी वाईट, कारण पांढरं अक्षर शाईचं नसतं. चारही रंगांनी तेवढी जागा मोकळी सोडायची असते. एखाद्या रंगाची प्लेट केसभर सरकली की ती फट कुठल्यातरी रंगाने भरते. मोठ्या अक्षराला त्याने काही होत नाही. पाच पॉइंटच्या अक्षराच्या रेषाच केसभर असतात.

म्हणून उलटीकडून मोजलं. ए-सहावर पांढऱ्या मजकुराला निदान ८ पॉइंट हवेत, म्हणजे पोस्टरवर ३२. तारीख-वेळ-ठिकाण २८ वरून ३२ केलं आणि त्या ओळींना जाड वळणाचा टाइप घेतला. मरून रंगसुद्धा चार रंगांचा होता. त्यातला सायन काढून टाकला आणि मजेंटा, पिवळा, थोडा काळा असा तिघांवर आणला. एक रंग कमी म्हणजे सरकायला एक प्लेट कमी.

नावांचा प्रश्न तसाच राहिला.

१० सप्टेंबर

नावं बावीस. पोस्टरवर त्यांना ३२ पॉइंट दिले तर पणतीच झाकावी लागते. काल रात्री मी एक चोरवाट काढली होती. अक्षराची उंची ३२ ठेवली आणि रुंदी ७८ टक्क्यांवर दाबली. नावं बसली. मग सकाळी डोकं ताजं असताना पाहिलं तर ओळ आजारी दिसत होती. का ते भिंग लावून पाहिलं. आडवं दाबलं की उभ्या रेषा, म्हणजे काने, बारीक होतात, पण शिरोरेघ आडवी असल्यामुळे तिची जाडी तेवढीच राहते. मग सगळी अक्षरं जाड दोरीवर वाळत घातलेल्या काड्यांसारखी दिसतात. पानाची मोजमापं बरोबर असूनसुद्धा आतला मजकूर वेडावाकडा झाला होता, आणि तो मीच केला होता. काढून टाकलं.

संध्याकाळी दांडिया बाजारात बैठक झाली. मी सुचवलं, की नावं पोस्टरवर आणि ए-पाचवर ठेवू, ए-सहावर नको. काका म्हणाले, "ज्यांनी पाच हजार दिले त्यांना काय सांगू? तुमचं नाव अक्षरात मावत नाही?" मी झेरॉक्सची चिठ्ठी पुढे केली आणि म्हटलं, "काका, यातलं तुमचं नाव शोधून दाखवा." त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, चिठ्ठी दिव्याखाली नेली. मग म्हणाले, "बरं, पोस्टरवर मोठं कर मग."

ठरलं ते असं. पोस्टरवर नावं २४ पॉइंट, ती ए-पाचवर साडेआठ होतात. हँडबिलावर नावं नाहीत, तिथे मंडळाचं नाव आणि "सर्व देणगीदारांचे आभार" एवढी एक ओळ. मोकळ्या झालेल्या जागेत ठिकाण आणखी मोठं केलं. माझ्या मते हे आधीच करायला हवं होतं. रस्त्यात हातात आलेल्या कागदावर माणूस कधी आणि कुठे एवढंच शोधतो.

१४ सप्टेंबर

गणपतीनंतरच्या एका कार्यक्रमात वाटायला शंभर हँडबिलं घाईने डिजिटलवर काढली. १३ × १९ इंची कागदावर आठ बसतात, म्हणून तेरा कागद, एकूण १०४ नग. छपाई ३२५ रुपये, कटिंग ६०.

हातात आली तेव्हा गठ्ठ्याच्या कडेला पांढरी रेघ चमकत होती. एकेक मोजली. ३७ नगांना कुठल्या ना कुठल्या बाजूला पांढरा दोरा.

चूक ब्लीडची. पोस्टरला मी नेहमीप्रमाणे तीन मिलिमीटर ब्लीड दिलं होतं, म्हणजे पार्श्वभूमी कापायच्या रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवली होती. सगळं २५ टक्के केलं तेव्हा तेही २५ टक्के झालं. राहिलं पाऊण मिलिमीटर. कटिंग मशीनचं पातं आणि गठ्ठ्याचं सरकणं मात्र २५ टक्के होत नाही. पातं पोस्टरला जेवढं चुकतं तेवढंच हँडबिलालाही चुकतं, सहज मिलिमीटरभर. पोस्टर मी कापलेलं पाहिलं होतं, ते निर्दोष होतं, म्हणून लहान कागदावर असं होईल हे डोक्यातच आलं नाही.

मग पुन्हा उलटीकडून. ए-सहावर तीन मिलिमीटर उरायला हवे असतील तर पोस्टरवर बारा हवेत. मास्टर फाइलची पार्श्वभूमी चारही बाजूंना बारा मिलिमीटर वाढवून ४४४ × ६१८ केली. पोस्टर छापायला देताना त्यातलं तीनच वापरायचं. आतल्या बाजूचंही तसंच आहे. कापायच्या रेषेपासून मजकूर पोस्टरवर वीस मिलिमीटर आत घेतला, म्हणजे हँडबिलावर पाच राहतात. चौकट मी कडेपासून दहा मिलिमीटरवर ठेवली होती, ती ए-सहावर अडीच झाली. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन आलं की लगेच डोळ्याला खुपतं. हँडबिलावरून चौकटच काढून टाकली. कडेला समांतर रेघ असली की पात्याची प्रत्येक चूक ती चुगली केल्यासारखी दाखवते.

याच शंभरातून दुसरी चूक कळली. क्यूआर कोड. माझ्या फोनवर चालला, तिघांच्या फोनवर नाही, आणि सभागृहाच्या मंद दिव्यात तर कुणाच्याच नाही. पोस्टरवरचा ६० मिलिमीटरचा कोड इथे १५ झाला होता. फॉर्मची लिंक लांबलचक असल्यामुळे कोड ४५ × ४५ चौकटींचा होता. म्हणजे एक चौकट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. शाई जरा पसरली की चौकटी एकमेकींत मिसळतात. लिंक छोटी करून घेतली तर कोड २९ × २९ चा झाला. हँडबिलावर त्याला १८ मिलिमीटर जागा दिली. चौकट साधारण ०.६ मिलिमीटर झाली, म्हणजे जवळपास दुप्पट. भोवती चार चौकटींची पांढरी पट्टी ठेवली, ती आधी मी डिझाइनच्या नादात खाल्ली होती. आता सासूबाईंच्या जुन्या फोनवरही लागतो.

३८५ रुपये गेले. ३७ नग घरात किराण्याच्या याद्या करायला ठेवलेत.

१७ सप्टेंबर

मोठ्या छपाईसाठी रावपुऱ्यातल्या एका ऑफसेटवाल्याकडे फाइल दिली. अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या आकृत्या, करून दिले, कारण त्यांच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटतात हे मागच्या वर्षी भोगलंय. कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवली.

संध्याकाळी पत्रकाचा लेझर प्रूफ आला. रंग ठीक, मजकूर ठीक, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. सगळी अक्षरं टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी. पट्टी काढली आणि पिवळ्या वर्तुळावर ठेवली. ए-पाचवर ते ४२.४ मिलिमीटर यायला हवं. आडवं आलं ४०, उभं ४३.५. वर्तुळाचं अंडं झालं होतं.

दुसऱ्या कुणी हे काम करणार असेल तर एवढं करा: डिझाइनमध्ये एक खरं वर्तुळ असू द्या, आणि प्रूफ आला की आधी ते दोन्ही बाजूंनी मोजा. अक्षर ताणलेलं आहे की टाइपच तसा आहे यावर वाद घालता येतो, वर्तुळावर घालता येत नाही.

मग कागद मोजला. १४० × २१६ मिलिमीटर. हे ए-पाच नाहीच, ए-पाच १४८ × २१० असतं. प्रेसवर फोन केला. ते म्हणाले, "बेन, हँडबिल एटले वन-बाय-एट." म्हणजे डेमी या कागदाच्या मापाचा आठवा भाग, साडेपाच बाय साडेआठ इंच. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे हँडबिल म्हणजे तेच. त्यांच्या ऑपरेटरने माझं पान त्या मापात चारही कोपऱ्यांनी ओढून बसवलं होतं. रुंदी सुमारे साडेपाच टक्के दाबली गेली, उंची सुमारे तीन टक्के ताणली गेली. "आटलुं कोण जुए छे?", एवढं कोण बघतंय, असंही म्हणाले. त्यांचं सगळंच चूक नाही. मी फाइलबरोबर ए-पाच एवढंच तोंडी सांगितलं होतं, मिलिमीटर लिहून दिले नव्हते.

१८ सप्टेंबर

प्रेसवर जाऊन बसले. गोम कागदात होती. त्यांच्याकडे १८ × २३ इंची कागदाचा साठा आहे. त्यातून डेमीचे आठ भाग नेमके निघतात, म्हणून ते आठचा भाव सांगतात. पण १८ × २३ ची लांब बाजू भरते ५८४ मिलिमीटर, आणि आठ ए-पाच म्हणजे एक पूर्ण ए-दोन, त्याची लांब बाजू ५९४. दहा मिलिमीटरने कागद कमी पडतो, ब्लीड तर दूरच. त्या कागदावर ए-पाच सहाच बसतात.

तीन वाटा होत्या. एक, डेमीच्या मापातच जायचं, पण ताणायचं नाही. रुंदीला बसेल एवढं सारख्या प्रमाणात लहान करायचं, मग उंचीला जे अठराएक मिलिमीटर उरतात तिथे पार्श्वभूमी वाढवून वरखाली मोकळं सोडायचं. हे चालण्यासारखं आहे आणि स्वस्तही, पण मग पत्रक आणि हँडबिल यांची मांडणी वेगळी झाली असती. दोन, सहाच बसवून कागद वाया घालवायचा. तीन, १८ × २५ चा कागद आणायचा. २५ × ३६ चा ताव मधोमध कापला की तो मिळतो: ४५७ × ६३५ मिलिमीटर. त्यात ए-दोन ब्लीडसकट आरामात बसतं.

तिसरी वाट धरली. कागद बाहेरून आणून कापावा लागणार, म्हणून ते म्हणाले, आता नवरात्रीनंतरच. २२ ला घटस्थापना, आणि बडोद्यात त्या आधीच्या आठवड्यात प्रेसवर गरब्याच्या पासांशिवाय काही छापून मिळेल अशी आशा धरू नये. पंधरा दिवस गेले. १७ ला फाइल देण्याऐवजी १ तारखेलाच कागदाचं विचारलं असतं तर गेले नसते.

६ ऑक्टोबर

दसरा झाला, प्रेस मोकळा झाला. आज दोन्ही कामं एकाच प्लेटवर बसवली. ए-मालिकेचा खरा फायदा इथे दिसतो. ए-दोनचा अर्धा म्हणजे ए-तीन. एका अर्ध्यात चार ए-पाच, दुसऱ्या अर्ध्यात आठ ए-सहा. पाचशे ताव छापले की दोन हजार पत्रकं आणि चार हजार हँडबिलं. प्लेटचा खर्च एकदाच. मात्र कागद दोन्हींना एकच लागतो, ९० जीएसएम आर्ट घेतला. पत्रकासाठी मला जरा जाड आवडला असता.

बसवताना एक अडचण आली. ए-पाचच्या दोन ओळी ब्लीडसकट ४३२ मिलिमीटर होतात. हँडबिलं आडवी ठेवून त्यांच्या चार ओळी मात्र ४४४ होतात, कारण नग दुप्पट म्हणजे ब्लीडच्या पट्ट्याही दुप्पट. कागद ४५७ चा, त्यातले दहा मिलिमीटर ग्रिपरला, म्हणजे मशीन जिथे कागद पकडतं तिथे शाई चालत नाही. उरले तीन. मशीनमननी मान हलवली. शेवटी हँडबिलांचं ब्लीड तीनवरून दोनवर आणलं, ओळी ४३६ वर बसल्या. चौदा तारखेच्या पाऊण मिलिमीटरपेक्षा दोन कितीतरी बरं.

अर्ध्या मिलिमीटरची एक गोष्टही इथेच सांगते, कारण ऑपरेटर तिच्यावरच अडला होता. ५९४ चे २५ टक्के १४८.५ होतात, पण ए-सहाची उंची १४८ आहे. मालिकेत अर्धा मिलिमीटर आला की तो सोडून देतात. त्याला वाटलं माझी फाइल चुकली, आणि तो १४८ टाकून ती बसवायला निघाला होता, कुलूप उघडून. एवढ्या ताणाने कुणालाही फरक दिसणार नाही हे खरं. पण कुलूप एकदा उघडलं की पुढचा आकडा कुणी काय टाकेल सांगता येत नाही, हे आपण १७ तारखेला पाहिलंय. २५ टक्केच ठेवायला लावले. जास्तीचा अर्धा मिलिमीटर कटिंगमध्ये ब्लीडबरोबर जातो.

या वेळी कागदावर लिहून दिलं आणि त्यांच्या टेबलावर चिकटवलं: पत्रक १४८ × २१०, हँडबिल १०५ × १४८, मिलिमीटरमध्ये, आणि खाली "वर्तुळ ४२.४ आणि ३०".

९ ऑक्टोबर

छपाईला मी उभी होते. पहिले पंचवीसेक ताव रंग लागेपर्यंत वाया गेले, ते धरूनच साडेपाचशे ताव घेतले होते. पिवळं वर्तुळ पत्रकावर दोन्ही बाजूंनी ४२ आणि थोडं, हँडबिलावर ३०. मशीनमन स्वतःच पट्टी घेऊन मोजत होता, दर शंभर तावांनी.

कटिंगनंतर गठ्ठे उलटेसुलटे चाळले. पांढरा दोरा एकाही हँडबिलाला सापडला नाही. ग्रिपरजवळच्या ओळीतल्या हँडबिलांचा एका बाजूचा समास मात्र एक मिलिमीटर कमी आलाय, आभाराची ओळ जरा कडेला टेकल्यासारखी दिसते. ती साधारण हजार आहेत. चौकट ठेवली असती तर ती हजार टाकावी लागली असती.

खर्च: प्लेटा १,२००, कागद कापण्यासकट १,४५०, छपाई १,६००, कटिंग ३००. एकूण ४,५५०. शिवाय चौदा तारखेचे ३८५ आणि झेरॉक्सचे दहा. चाळीस पोस्टरं प्लॉटरवर वेगळी, ३,६००. माझा वेळ साधारण बावीस तास, त्यातले निम्मे त्याच त्या गोष्टी परत करण्यात.

१२ ऑक्टोबर

आज पेपरातून हँडबिलं गेली. दुपारी काकांचा फोन आला. मला वाटलं नावांवरून आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, पत्रकात त्यांच्या आडनावातला अनुस्वार राहिलाय का ते बघ, कुणीतरी तसं सांगतंय. पत्रक भिंगाखाली धरलं. साडेआठ पॉइंटात टिंब आहे, शिरोरेघेपासून सुटा आहे, पण कागदाला अगदी नाकाशी धरलं तरच. पुढच्या वर्षी नावं पोस्टरवर २८.